भालाफेक: रन-अपचा वेग हातापर्यंत पोचत नाही, कुठे अडतोय?

शाळेचं_मैदान

आमच्याकडे १७ वर्षांचा एक मुलगा भाला फेकतो. उजव्या हाताचा आहे, भाला ७०० ग्रॅमचा. उंची चांगली, धावायला चपळ. जागेवर उभं राहून फेकला की भाला ४१ मीटरवर पडतो. पूर्ण रन-अप घेऊन फेकला की ४५. एवढं धावून फक्त चार मीटर वाढतात, आणि वर प्रत्येक वेळी तो म्हणतो की पळत येऊन फेकल्यावर कोपर आतल्या बाजूला ओढल्यासारखं होतं. जागेवरून फेकताना तसं होत नाही.

मोबाइलवर बाजूने स्लो-मोशन घेतलाय, सेकंदाला २४० फ्रेम. व्हिडिओ इथे टाकत नाही, मुलगा अल्पवयीन आहे. पण फ्रेम मोजून सांगू शकतो. पायातून कंबर, कंबरेतून खांदा, खांद्यातून हात अशी ताकद जाते हे माहीत आहे. या मुलाच्या बाबतीत ती कुठे अडतेय ते कसं ओळखायचं?

बलोपासक

ताकद जमिनीतून वर येते. पाय जमिनीला जेवढा जोरात ढकलतील तेवढी ताकद भाल्यात जाणार. मुलाचे पाय कमी पडतायत. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट वाढवा, सहा महिन्यांत ५० मीटर पार होईल.

कव्हर_पॉइंट

माझाही हाच प्रश्न आहे, क्रिकेटमधला. बाउंड्रीवरून कीपरकडे थ्रो केला की खांदा दुखतो. डंबेलनं खांदा बनवायला घेतलाय, पण थ्रोचा वेग तसाच. कुठला व्यायाम करू?

फेकवर्ग

@शाळेचं_मैदान, तुमच्या प्रश्नातच अर्धं निदान आहे. जागेवरची फेक आणि रन-अपची फेक यांतला फरक फार बोलका असतो. तंत्र जुळलेल्या मुलात तो दहा-बारा मीटरच्या पुढे सहज जातो. चारच मीटर असेल तर धाव वाया चाललीय असं धरून चालावं. मुलगा ताकदीत कमी आहे असं म्हणायला काही आधार नाही, कारण ४१ मीटर जागेवरून फेकायला बरीच ताकद लागते.

मला चार आकडे हवेत. शेवटच्या दोन पावलांत उजवा पाय टेकल्यापासून डावा पाय टेकेपर्यंत किती फ्रेम जातात? डावा टेकल्यापासून भाला हातातून सुटेपर्यंत किती? डावा गुडघा टेकतो त्या क्षणी किती सरळ असतो, आणि भाला सुटेपर्यंत सगळ्यात जास्त किती वाकतो? आणि डावा पाय टेकतो त्या फ्रेममध्ये उजवा हात कुठे असतो, सरळ मागे की कोपरातून वाकून पुढे निघालेला?

@बलोपासक, पाय महत्त्वाचे हे बरोबर. पण "जमिनीतून ताकद वर येते" या वाक्याने मुलं डाव्या पायाने ढकलायला लागतात आणि तिथेच फेक बिघडते. डावा पाय ढकलत नाही, थांबवतो. याबद्दल आकडे आले की सविस्तर लिहितो.

शाळेचं_मैदान

मोजले. तीन फेकींची सरासरी देतो.

उजवा टेकल्यापासून डावा टेकेपर्यंत ६८ फ्रेम, म्हणजे ०.२८ सेकंद. डावा टेकल्यापासून रिलीजपर्यंत ४६ फ्रेम, म्हणजे ०.१९ सेकंद. डावा गुडघा टेकताना साधारण १६५ अंश, नंतर १३० पर्यंत वाकतो. आणि हात: डावा टेकतो तेव्हा कोपर वाकलेलं असतं आणि मूठ जवळजवळ कानाच्या मागे आलेली असते.

गतिशास्त्र

आकडे आलेच आहेत तर थोडा हिशेब मांडतो. हवेचा परिणाम सोडून देतो, त्यामुळे उत्तर ढोबळ आहे, पण तुलना करायला पुरेसं आहे.

भाला साधारण ३६ अंशांत आणि खांद्याच्या थोडा वरून सुटला असं धरलं तर ४१ मीटरला रिलीजचा वेग सेकंदाला २० मीटर लागतो. ४५ मीटरला २१. म्हणजे मुलगा सेकंदाला पाचेक मीटर वेगाने धावत येतो आणि त्यातला एकच मीटर भाल्याला मिळतो. ५५ मीटरला २३.३ लागतील. तुमच्या मुलाला हातात नवा वेग निर्माण करायचा नाहीये. धावेतला पाचपैकी तीन मीटर हातापर्यंत पोचला तरी काम झालं.

आता मोठ्या फेकींचा हिशेब बघा. ८०० ग्रॅमचा भाला सेकंदाला ३० मीटरने सुटला तर त्यात ३६० ज्यूल ऊर्जा असते. ८८ किलोचा माणूस सेकंदाला ६ मीटरने धावत असेल तर त्याच्या शरीरात जवळपास १६०० ज्यूल असतात. म्हणजे ऊर्जेचा तुटवडा नाहीच, भाल्याला हवी त्याच्या चौपट धावेतच आहे. अडचण वेळेची आहे. डावा पाय टेकल्यापासून सुटेपर्यंत उच्च पातळीवर साधारण ०.१२ सेकंद मिळतो. तेवढ्यात तीनशेच्या वर ज्यूल भाल्यात घालायचे म्हणजे अडीच ते तीन हजार वॅट, चार अश्वशक्तीच्या जवळपास. खांदा आणि दंडाचे स्नायू एवढं एकट्याने देऊ शकत नाहीत. ते धडाकडून घ्यावं लागतं, आणि धडाला कंबरेकडून.

आणि "जमीन ताकद देते" बद्दल: रोवलेला पाऊल हलत नाही, म्हणून त्या पावलावर जमीन जो जोर लावते त्याने शरीरात ऊर्जा वाढत नाही. जमीन संवेग काढून घेते, ऊर्जा घालत नाही. आधीच असलेली ऊर्जा कमी वजनाच्या भागांत गोळा होते, एवढंच. कमी वजनात तीच ऊर्जा म्हणजे जास्त वेग.

बलोपासक

मग उभ्या उभ्या उडी मारतो तेव्हाही पाय हलत नाहीत, तरी शरीर वर जातंच की. ऊर्जा कुठून येते?

गतिशास्त्र

मांड्यांच्या स्नायूंतून. उडीत तुमचं म्हणणं लागू पडतं, पाय ताणले जाताना स्नायू काम करतात. भालाफेकीत मागचा, म्हणजे उजवा पाय थोडं तसं काम करतो. डावा उलट करतो. म्हणून दोन्ही पायांना एकच सूचना देऊन चालत नाही.

फेकवर्ग

@गतिशास्त्र यांनी माझं काम सोपं केलं. आता मैदानावर काय दिसतं ते लिहितो.

सायकल वेगात असताना नुसता पुढचा ब्रेक दाबला तर मागचं चाक उचलतं आणि बसलेला माणूस हँडलवरून पुढे जातो. डावा पाय तो ब्रेक आहे. टाच आधी टेकते, गुडघा जवळजवळ सरळ, पाऊल शरीराच्या बरंच पुढे. त्यामुळे पाय आणि डावी कंबर अचानक थांबते. उजवी कंबर थांबलेली नसते, ती डाव्या बाजूभोवती गर्रकन पुढे फिरते. खांदे अजून मागेच आहेत, म्हणून पोटाचे तिरके स्नायू आणि छाती ताणली जाते. मग कंबर मंदावते आणि छाती निघते. छाती मंदावते आणि कोपर निघतं. कोपर पुढे आलं तरी मूठ आणि भाला अजून मागे, तळवा आकाशाकडे. सगळ्यात शेवटी दंड आतल्या बाजूला वळतो आणि भाला सुटतो.

एक गोष्ट ध्यानात घ्या. पुढचा भाग वेग पकडतो तो मागचा भाग मंदावल्यावर. कंबर थांबली नाही तर छातीला मिळत नाही. छाती थांबली नाही तर हाताला मिळत नाही. सगळं शरीर एकत्र पुढे वाहत गेलं तर प्रेक्षकांना फेक जोरदार दिसते, पण भाल्याला धावेचाच वेग मिळतो आणि वर हाताचं थोडंसं.

आता तुमच्या मुलाकडे बघा. गुडघा १६५ वर टेकतो हे चांगलं आहे. पण १३० पर्यंत खचतो. तो पस्तीस अंशांचा खचका म्हणजे ब्रेक दाबून परत सोडल्यासारखं. कंबर थांबायच्या ऐवजी पुढे आणि खाली जाते, म्हणून ०.१९ सेकंद लागतात. पण माझ्या मते मूळ चूक इथे नाही. मूळ चूक त्या ६८ फ्रेममध्ये आहे.

शाळेचं_मैदान

म्हणजे भाला सुटायच्या जवळपास अर्धा सेकंद आधी? तिथे तर काही चुकीचं दिसत नाही. शेवटचं क्रॉस स्टेप उलट छान उंच घेतो.

फेकवर्ग

तेच तर. "छान उंच". ती उंची खाली आली की उजव्या पायावर पडते.

शेवटच्या क्रॉस स्टेपमध्ये उजवा पाय डाव्याच्या पुढून जातो. ते पाऊल लांब आणि सखल हवं. मुलाने उंच उडी घेतली की तो वरून खाली उजव्या पायावर आदळतो, उजवा गुडघा खाली बसतो, आणि शरीर त्या पायावरून पुढे सरकेपर्यंत वेळ जातो. तो वेळ म्हणजे ०.२८ सेकंद. डावा पाय हवेत लटकत राहतो. टेकतो तेव्हा कंबर आधीच उजव्या पायाच्या पुढे गेलेली असते, म्हणजे मागे कललेली स्थिती संपलेली असते. आता डावा पाय शरीराच्या पुढे फार उरत नाही, जवळजवळ खालीच येतो, आणि अशा पायावर धड आलं की गुडघा वाकणारच. त्यात पायाची ताकद कमी असण्याचा दोष नाही.

आणि हात? डावा पाय उशीर करतोय, पण मुलाच्या मनाला फेकायची घाई आहे. शरीर पुढे आलंय, तोल जातोय, म्हणून हात आपणहून निघतो. पाय टेकायच्या आधीच मूठ कानामागे आली म्हणजे ताणायला काही शिल्लक राहिलं नाही. उरलेलं काम एकट्या हाताने करावं लागतं. कोपर तिथे दुखतं.

उपाय: उजवा आणि डावा यांच्यातलं अंतर कमी करायचं. डोळे मिटून बाजूला उभे राहा आणि पावलांचा आवाज ऐका. आता तुम्हाला "टक… टक" असा मोकळा ऐकू येत असेल. तो "ट-टक" असा जवळजवळ यायला हवा. आकड्यात सांगायचं तर ६८ वरून ५० च्या आत.

सराव: रन-अप सोडून द्या. पाच पावलांची फेक घ्या, वेग पूर्ण रन-अपच्या अर्धा. शेवटच्या क्रॉस स्टेपच्या जागी जमिनीवर दोन रेघा मारा, तिथून उडी न मारता रेघेच्या पुढे पाय सरकवायचा, डोकं एका पातळीत राहील असा. डावा पाय क्रॉस स्टेपमध्येच पुढे निघालेला असावा, उजवा टेकल्यावर निघायला लागला तर उशीर होतोच. आधी भाल्याशिवाय, नंतर टेनिस बॉल, मग भाला. पूर्ण जोराच्या फेकी कमी ठेवा, कोपर तक्रार करतंय.

जुना_भालाफेक्या

बहुतेकाशी सहमत. एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. उजवा पाय नुसता टेकून सोडायचा नसतो. टेकताक्षणी टाच बाहेरच्या बाजूला फिरवून उजवा गुडघा आत आणि पुढे ढकलायचा, मगच कंबर फिरते. "डावा लवकर टाक" एवढंच शिकवलेली मुलं डावा पाय घाईने टाकतात आणि कंबर बाजूलाच राहते. मग ब्रेक लागतो, पण फिरत काही नाही.

फेकवर्ग

उजव्या पायाला ढकलायचं काम द्यावं की नाही यावर प्रशिक्षकांत खरंच दोन तट आहेत. माझा अनुभव असा की नवशिक्या मुलाला "ढकल" म्हटलं की तो उजव्या पायावर जास्त वेळ थांबतो, कारण ढकलायला थांबावंच लागतं. या मुलाचा रोग तोच आहे. म्हणून त्याला आत्ता मी "ढकल" म्हणणार नाही. अंतर ५० फ्रेमच्या आत आलं आणि तरीही कंबर फिरत नसेल तर तुमचा टाच फिरवण्याचा भाग घेईन.

जुना_भालाफेक्या

आणि मी म्हणेन आधीपासून घ्या, भाल्याशिवाय. एकदा सवय पडली की मोडायला जड जाते. असो, यावर एकमत होणार नाही.

कव्हर_पॉइंट

माझ्या थ्रोचं काय?

फेकवर्ग

@कव्हर_पॉइंट, तुमचा प्रश्न पुष्कळसा तोच आहे, फक्त चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास असतो म्हणून हात खूप जलद फिरतो आणि खांद्यावरचा ताण त्या वेगातून येतो. डंबेल हे त्यावरचं उत्तर नाही. चेंडू उचलल्यावर छाती कीपरकडे ठेवूनच पळत फेकता का? तसं असेल तर कंबर आणि छाती आधीच समोर वळलेली असतात, त्यांच्याकडे द्यायला काही उरत नाही, सगळा वेग खांदा काढतो. चेंडू उचलला की एक छोटी उडी: उजवा पाय आडवा, खांदा कीपरकडे, मग डावा पाय कीपरच्या दिशेने रोवायचा. बाउंड्रीवर त्या एका उडीला वेळ मिळतो. तिसाव्या यार्डावरून एकदिवसीय रनआउटला मिळत नाही, तिथे हातानेच फेकावं लागतं, म्हणून तिथून पूर्ण जोर लावायचा नाही.

दुखणं किती दिवसांचं आहे आणि नेमकं कुठे हे इथे विचारू नका, ते तपासूनच कळेल.

कव्हर_पॉइंट

छाती समोर ठेवूनच फेकतो. बघतो बदलून. मग फास्ट बोलिंगलाही हाच नियम? आमचा बोलर पुढचा पाय असा वाकवतो की गुडघा खाली बसतो.

फेकवर्ग

पुढच्या पायाचा भाग सारखाच आहे. पुढचा गुडघा सरळ राहिला की धावेचा वेग चेंडूकडे जास्त जातो. पण तो सरळ गुडघा धावेच्या वेगाचे सगळे धक्के कंबरेकडे आणि पाठीच्या खालच्या भागाकडे पाठवतो, आणि फास्ट बोलरना पाठीच्या मणक्याची दुखणी होतात त्यात याचा वाटा आहे. हाताचा भाग मात्र एकदम वेगळा. बोलिंगमध्ये कोपर १५ अंशांहून जास्त सरळ होऊ देता येत नाही, म्हणून फेकीतला शेवटचा दुवा वापरताच येत नाही. भालाफेकीच्या सूचना बोलरला तशाच दिल्या तर त्याची ॲक्शन अवैध होईल.

अनघा_फिजिओ

कोपराबद्दल लिहिते. वरचं वर्णन ऐकून मला शंका येते ती आतल्या बाजूच्या अस्थिबंधाची, पण शंका म्हणजे निदान नव्हे, मुलाला दाखवून घ्या. मोठ्या खेळाडूंच्या बाबतीतही कोपर हा कच्चा दुवा आहे. नीरज चोप्राच्या कोपरावर २०१९ मध्ये मुंबईतच शस्त्रक्रिया झाली होती, आणि त्यानंतर त्याने २०२१ मध्ये टोकियोत ८७.५८ मीटर फेकून सुवर्ण मिळवलं.

दुखणं आत का येतं? छाती आणि कोपर पुढे निघालं आणि मूठ मागे राहिली की कोपर आतल्या बाजूने उघडल्यासारखं ताणलं जातं. हे प्रत्येक चांगल्या फेकीत होतंच. फरक असा की खांदा वेळेवर मागून ढकलला जात असेल तर कोपर खांद्याच्या रेषेत किंवा वर राहतं. हात लवकर निघाला की कोपर खांद्याच्या खाली पडतं, आणि मग तोच ताण वाईट कोनातून येतो. व्हिडिओत छाती पूर्ण समोर वळलेली असताना कोपर कुठे आहे ते बघा. खांद्याच्या खाली दिसलं तर ते ठळक लक्षण.

आता एक गोष्ट जी प्रशिक्षक बऱ्याचदा सोडून देतात. डावा पाय रोवल्यावर धड डाव्या कंबरेवर फिरतं, म्हणजे मांडीचं हाड खुब्यात आतल्या बाजूला वळलं पाहिजे. डावा खुबा तेवढा वळत नसेल तर मुलगा नकळत पाऊल बाहेरच्या बाजूला टाकतो, पाय आपोआप मोकळा होतो, आणि गुडघा वाकतो. घरी तपासायचं तर: मुलाला टेबलावर बसवा, पाय लोंबकळत, गुडघे जवळ. डावी नडगी बाहेरच्या बाजूला उचलायला सांगा, मांडी टेबलावरून न हलता. उजवीशी तुलना करा. डावी स्पष्टपणे कमी जात असेल तर मला आधी तो खुबा मोकळा करायचाय, नंतर तुमचा दोन रेघांचा सराव. नाहीतर मुलगा सूचना ऐकेल आणि शरीर ती पाळणार नाही.

आणखी एक. हात सुटल्यानंतर थांबायला जागा हवी. काही मुलं रेषेच्या अगदी जवळ डावा पाय रोवतात आणि भाला सुटल्यावर फाऊल होऊ नये म्हणून अंग मागे ओढतात. मग हाताचा वेग खांद्याच्या मागच्या स्नायूंना एकदम थोपवावा लागतो. डावा पाय फाऊल रेषेच्या दीड-दोन मीटर मागे पडेल असा रन-अप आखा. नीरज फेकल्यावर पुढे झेपावून हात जमिनीला टेकवतो, कारण शरीर पूर्ण पुढे जाऊ देतो. तो रोवलेल्या पायावर आधी कडक थांबतो, आणि मगच झेपावतो. मुलांनी नुसती झेप उचलली तर ब्रेकच लागत नाही.

शाळेचं_मैदान

@अनघा_फिजिओ, तपासलं. डावी नडगी उजवीपेक्षा बरीच कमी जाते. आणि छाती समोर असताना कोपर खांद्याच्या खाली आहे, तुम्ही म्हणालात तसंच. डावं पाऊल कुठे पडतं हे बघितलं तर मागून काढलेल्या व्हिडिओत ते उजव्या पायाच्या रेषेपासून एक पाऊलभर डावीकडे पडतं. हे ठीक आहे का?

फेकवर्ग

थोडं डावीकडे पडायलाच हवं, नाहीतर कंबर फिरायला वाट मिळत नाही. पण पूर्ण पाऊलभर म्हणजे दार उघडं टाकून ठेवलंय, कंबर थांबायच्या आधीच डावीकडे वळून निसटते. उजवी टाच आणि डावा चवडा जवळजवळ एका रेषेत, डावा किंचित डावीकडे, एवढं पुरे. पण अनघाताईंनी सांगितल्याप्रमाणे खुब्याचा ताठरपणा असेल तर पाऊल आत टाकायला लावून आत्ता फायदा नाही. आधी त्यांचं काम होऊ द्या.

एक जुनी पाहणी सांगावीशी वाटते. १९७४ मध्ये टोयोशिमा आणि सहकाऱ्यांनी लोकांना चेंडू फेकायला लावला, एकदा मोकळेपणाने आणि एकदा पाऊल टाकायला आणि धड फिरवायला बंदी करून. वेगाचा साधारण निम्मा भाग पाऊल आणि धड यांच्यामुळे येतो असं त्यात दिसलं. हा आकडा भाल्याला तसाच लावू नका, तिथे रन-अप असल्याने प्रमाण वेगळं. पण "हातात किती ताकद आहे" हा प्रश्न का अपुरा ठरतो ते त्यातून कळतं.

बलोपासक

मग डाव्या पायाला ताकद लागतच नाही का? पायावर एवढा धक्का बसतो म्हणता, तो कशाने सोसायचा?

फेकवर्ग

लागते, आणि तुमचा स्क्वॉटचा सल्ला तिथे कामाचा आहे. फक्त ताकद वेगळ्या प्रकारची हवी. आपल्या वजनाच्या कित्येक पट धक्का क्षणार्धात येतो आणि गुडघ्याने वाकू नये, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूने ताणलं जातानाही धरून ठेवलं पाहिजे. हळू हळू वर-खाली केलेल्या स्क्वॉटमधून हे सगळं येत नाही. एका पायावर पायरीवरून उतरून थिजून राहणं, चालत येऊन डाव्या पायावर कडक थांबणं, नंतर हळूहळू वेगात थांबणं. मेडिसिन बॉल डोक्यावरून फेकताना तो पाय रोवायचा सराव, बॉल दोन किलोपेक्षा जड नको, जड झाला की मुलगा पुन्हा हाताने ओढायला लागतो.

शाळेचं_मैदान

या महिन्यातलं सांगतो. खुब्याचे व्यायाम, पाच पावलांची फेक आणि रेघा एवढंच केलं. जोराच्या फेकी अगदी कमी. मुलाला डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी कोपराला आणखी काही काळ जपायला सांगितलंय, म्हणून पूर्ण रन-अपची एकच चाचणी घेतली.

उजवा ते डावा ६८ वरून ५२ फ्रेम. डावा ते रिलीज ४६ वरून ४० फ्रेम. गुडघा आता १३० ऐवजी १४५ पर्यंत वाकतो. डावा टेकतो तेव्हा मूठ अजून खांद्याच्या मागे आहे, हात पूर्ण सरळ नाही पण कानापाशी तर नाहीच. फेक ४८ मीटर. जागेवरून तीच ४१.

ती ओढही कमी झालीय असं म्हणतो.

गतिशास्त्र

४८ ला रिलीजचा वेग सेकंदाला साधारण २१.७ मीटर. म्हणजे धावेतून मिळणारा हिस्सा १ वरून १.७ वर आला. अजून तीन मीटर प्रति सेकंद धावेत पडून आहेत. एकाच फेकीवर भरवसा ठेवू नका मात्र, वारा आणि कोन यांच्यामुळे दोन-तीन मीटर इकडेतिकडे होतात. शक्य असेल तर भाला सुटताना त्याचा कोनही व्हिडिओवरून काढा. वेग तोच राहून कोन सुधारला तरी लांबी वाढते.

जुना_भालाफेक्या

चांगलं झालंय. आता तरी टाच फिरवा. ५२ फ्रेमपर्यंत आलाय, कंबर फिरतेय का ते मागून बघा. डावा टेकतो त्या फ्रेममध्ये बेल्टचं बक्कल कुठे आहे? बाजूलाच असेल तर डाव्या पायाने थांबवून काही मिळणार नाही.

शाळेचं_मैदान

बक्कल अर्धं समोर, अर्धं बाजूला आहे. साधारण ४५ अंश.

फेकवर्ग

मग मी अजून थांबेन. खांदे कुठे आहेत? खांदे पूर्ण बाजूला आणि कंबर ४५ अंश असेल तर दोघांत ताण आहे, आणि तो ताण हवाच आहे. खांदेही ४५ वर असतील तर @जुना_भालाफेक्या यांचं बरोबर, धड एकाच ठोकळ्यासारखं फिरतंय आणि उजव्या पायावर काम करायला हवं.

शाळेचं_मैदान

खांदे आणि कंबर यांच्यात फार फरक दिसत नाही. वरून मोबाइल धरून व्हिडिओ काढायला हवा होता. शाळेच्या गच्चीवरून उद्या काढतो, तिथून रन-अपचा शेवट सरळ खाली दिसतो.

जुना_भालाफेक्या

वरून काढताना डाव्या हाताकडेही बघा. डावा हात छातीपाशी आखडून घट्ट थांबतोय की मागे उघडून फिरतोय. तो मागे फिरला तर खांदे आधीच उघडतात, आणि मग उजव्या टाचेला कितीही फिरवलं तरी ताण राहत नाही.

अनघा_फिजिओ

गच्चीवरून काढलात तर पाच पावलांचीच फेक घ्या, आणि अर्ध्या जोरात. क्रम दिसायला जोर लागत नाही. डॉक्टर मोकळीक देईपर्यंत पूर्ण रन-अप बंदच ठेवा.